छोटे शीर्षक, खोटे शीर्षक

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. परीक्षकसुद्धा तसे वाचत नाहीत. आधी सारांश, मग थेट तक्ते आणि आकृत्या, आणि तिथे काही खटकलेच तर मागे वळून ‘पद्धती’ हा भाग, अशी सगळ्यांची वाट असते. त्यात गैर काही नाही. हजार-हजार निबंधांतून आपल्या कामाचे दहा निवडायचे असतील तर दुसरे काय करणार? पण लिहिणारा मात्र आपला वाचक शहाण्या मुलासारखा पान एक, पान दोन करत येणार असे धरून चालतो, आणि तक्त्याच्या शीर्षकात लिहितो, ‘वर वर्णन केल्याप्रमाणे’. वर कुठे? तक्ता तर केव्हाच कापून दुसरीकडे गेलेला असतो. कुणाच्या स्लाइडवर, कुणाच्या व्हॉट्सॲपवर, कुणाच्या आढावा-निबंधात.

वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे आणि निबंधांचे हिशेब तपासणे हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा उद्योग आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते आज मांडतो. तक्त्याचे शीर्षक आणि आकृतीखालचा मजकूर लहान करा असे जो तो सांगतो, पण काय कापायचे हे कुणी सांगत नाही. मग विद्यार्थी कापतो ते नेमके ठेवायचे असते, आणि ठेवतो ते नेमके कापायचे असते. शीर्षक छोटे होते आणि त्याच फटक्यात खोटेही होते.

नमुन्यादाखल एक तक्ता घेऊ. आकडे मी रचलेले आहेत, पण असा तक्ता दर वर्षी माझ्या टेबलावर येतोच. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेल्या २४० गरोदर महिला. पहिल्या भेटीत त्यांचे हिमोग्लोबिन मोजले, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि ९० दिवसांनी पुन्हा मोजले. दुसऱ्या वेळी २१२ जणी आल्या. २८ जणी आल्या नाहीत. कुणी बाळंतपणाला माहेरी गेली, कुणी ऊसतोडीला. निबंध इंग्रजीत असतो, मी इथे मराठीत मांडतो. पहिल्या मसुद्यातले शीर्षक असे:

‘तक्ता २ : सदर अभ्यासात सहभागी झालेल्या गरोदर महिलांच्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रमाणात लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांमुळे झालेली लक्षणीय सुधारणा दर्शविणारा तुलनात्मक तक्ता (हिमोग्लोबिनची मोजणी पद्धती विभागात वर्णन केल्याप्रमाणे)’

मार्गदर्शकांनी त्यावर लाल शाईने ‘फार लांब’ असा शेरा मारला. विद्यार्थिनीने रात्री बसून ते लहान केले:

‘तक्ता २ : हिमोग्लोबिन, आधी व नंतर’

“सर, आता तर चालेल ना? एका ओळीत बसलं,” ती म्हणाली.

एका ओळीत बसले खरे. पण आता हा कागद निबंधातून काढून हातात घ्या. कुणाचे हिमोग्लोबिन? कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर? किती दिवसांनी? किती जणींचे? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मूळच्या लांबलचक शीर्षकात गरोदर महिला आणि गोळ्या तरी होत्या. दिवसांचा आकडा आणि महिलांची संख्या मात्र त्यातही नव्हती. म्हणजे सव्वीस शब्द खर्च करूनही ते शीर्षक अपुरे होते आणि चार शब्दांचे तर त्याहून अपुरे. लांबी हा इथला आजारच नव्हता.

मूळ शीर्षक पुन्हा वाचा आणि कोणता शब्द काय काम करतो ते बघा. ‘सदर अभ्यासात सहभागी झालेल्या’ हे काहीच करत नाही, तुमच्या तक्त्यात दुसऱ्याच्या अभ्यासातल्या महिला कशाला येतील? ‘दर्शविणारा तुलनात्मक तक्ता’ हेही तसेच, तक्ता आहे हे दिसतेच आहे आणि शेजारी-शेजारी दोन रकाने आहेत म्हणजे तुलना आहे. ‘रक्तातील’ आणि ‘प्रमाणात’ हे दोन शब्दही गेले तरी हिमोग्लोबिन रक्तातच राहते. ‘पद्धती विभागात वर्णन केल्याप्रमाणे’ हा तर वाचकाला हाकलून देण्याचा प्रकार. एवढे काढले की निम्मे शीर्षक गेले आणि एक कणही माहिती कमी झाली नाही. खरी काटछाट ही. आमच्या गल्लीतला खाटीक चरबी काढतो तेव्हा मांसाला धक्का लागू देत नाही. त्याच्याकडे दोन दिवस उमेदवारी करावी असे मी काही विद्यार्थ्यांना सुचवले आहे. एकही गेला नाही.

आता उरले दोन शब्द, ‘लक्षणीय सुधारणा’ आणि ‘गोळ्यांमुळे’. हे मी लांबीसाठी काढत नाही, ते खरे नाहीत म्हणून काढतो. या अभ्यासात गोळ्या न घेणाऱ्या महिलांचा गट नाही. गोळ्या सगळ्यांनाच देतात आणि द्यायलाच हव्यात. पण त्यामुळे, गोळ्या नसत्या तर ९० दिवसांनी काय झाले असते, हे या तक्त्याला ठाऊक नाही. आणि गरोदरपणात हिमोग्लोबिन आपले आपणही हलते. रक्तातला पाण्याचा भाग झपाट्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून दुसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन खाली जाते आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा थोडे वर सरकू शकते. पहिली मोजणी पाचव्या-सहाव्या महिन्यात आणि दुसरी नवव्यात झाली असेल तर वाढीचा काही वाटा या नैसर्गिक चढाचाच असेल. शिवाय केवळ कमी हिमोग्लोबिनच्या महिला निवडल्या असतील तर आणखी एक गोष्ट घडते. ज्यांचा पहिला आकडा योगायोगाने फार खाली आला होता त्यांचा दुसरा आकडा सरासरीकडे परततो, औषध दिले काय, न दिले काय.

तेव्हा शीर्षकात ‘मुळे’ लिहायचा हक्क या अभ्यासाला नाही. चर्चेच्या भागात लेखकाने म्हणावे की गोळ्यांचा परिणाम असावा, त्याच्या मर्यादाही तिथेच सांगाव्यात. पण तक्ता एकटा निघाला की त्या मर्यादा मागे राहतात आणि ‘मुळे’ तेवढे पुढे जाते. हा दोन अक्षरांचा प्रत्यय आहे, पण त्याने निरीक्षणाचा निकाल करून टाकला. प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रात आकृतीच्या शीर्षकातच निष्कर्ष लिहायची रीत आहे हे मला माहीत आहे. अमुक प्रथिन काढले की पेशी वाढायची थांबते, असे सरळ वाक्य. तिथे तुलनेचा गट आकृतीतच शेजारी उभा असतो, म्हणून ते थोडे तरी शोभते. जिथे तो गट नाही तिथे शीर्षकाने काय मोजले एवढेच सांगावे. काय सिद्ध झाले ते सांगू नये.

‘गोळ्या घेतल्यानंतर’ यालाही माझी हरकत आहे. केंद्राच्या नोंदवहीत गोळ्या दिल्याची नोंद असते. घरी गेल्यावर मळमळ होते, शौचाला काळे होते म्हणून सासूने बंद करायला लावल्या की काय, हे नोंदवहीला कळत नाही. विद्यार्थिनीने रिकाम्या पट्ट्या मोजल्या असत्या तर ‘घेतल्यानंतर’ म्हणता आले असते. तिने मोजल्या नव्हत्या. म्हणून ‘गोळ्या सुरू केल्यानंतर’. एक शब्द वाढला, पण खरे झाले.

आता संख्या. तिच्या तक्त्यात ‘आधी’च्या रकान्यात २४० महिलांची सरासरी होती, १०.३. ‘नंतर’च्या रकान्यात २१२ महिलांची, १०.९. वाढ ०.६. शीर्षकात महिलांचा आकडा नव्हता म्हणून हे कुणाला दिसलेच नाही. मी तिला विचारले, न आलेल्या २८ जणींची पहिली सरासरी काढ. ती ९.२ निघाली. म्हणजे ज्या गळल्या त्याच जास्त अशक्त होत्या. उरलेल्या २१२ जणींचीच पहिली सरासरी काढली तर ती १०.४ येते, आणि वाढ ०.५ उरते. जी ०.१ ची वाढ नाहीशी झाली ती कुणाच्याच शरीरात झालेली नव्हती, अशक्त महिला मोजणीतून बाहेर गेल्या एवढेच. फरक लहान आहे हे कबूल. पण २८ ऐवजी ८० गळल्या असत्या तर?

म्हणून संख्या शीर्षकातून कधीही कापू नये. दोन्ही रकान्यांत त्याच महिला असतील तर एकच आकडा शीर्षकात. वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर आपापला आकडा. आमचा तक्ता शेवटी असा झाला:

‘तक्ता २ : लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी व ९० दिवसांनंतर गरोदर महिलांचे हिमोग्लोबिन (२१२ महिला)’

आणि तक्त्याखाली तळटीप:

‘आकडे : सरासरी ± प्रमाण विचलन, ग्रॅम प्रति डेसिलिटर. बोटाला टोचून घेतलेले रक्त. नोंदणी झालेल्या २४० पैकी दोन्ही वेळा मोजणी झालेल्या महिलाच घेतल्या आहेत.’

शीर्षक मूळच्या निम्म्याहून लहान आहे आणि त्यात मूळपेक्षा जास्त माहिती आहे. बाकीचे खाली गेले. माझी स्वतःची काही ही शोधलेली युक्ती नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिच्या शिफारशींत हेच आहे: शीर्षक लहान पण स्वयंस्पष्ट, खुलासा तळटिपेत, रूढ नसलेल्या संक्षेपांची फोड तळटिपेत, आणि प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी ते स्पष्ट. आपल्याकडे पहिले दोन शब्द, ‘शीर्षक लहान’, एवढेच पाठ झाले आहेत.

त्या ± चिन्हाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण जागा वाचवण्याच्या नादात सगळ्यात जास्त बळी त्याच्या खुलाशाचा जातो आणि त्याचे नुकसान सगळ्यात मोठे असते.

प्रमाण विचलन, ज्याला विद्यार्थी एसडी म्हणतात, ते माणसामाणसांतला फरक सांगते: या महिलांचे हिमोग्लोबिन सरासरीच्या आसपास किती पसरलेले आहे. प्रमाण त्रुटी, म्हणजे एसई, वेगळीच गोष्ट सांगते: आपण काढलेली सरासरी किती भरवशाची आहे. एसडीला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की एसई मिळते. २५ महिला आणि एसडी १.५ असेल तर एसई १.५ भागिले ५, म्हणजे ०.३. विश्वासार्ह अंतराल लावायचे तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.६. आता आकृतीत खांबाच्या टोकावर एक उभी रेघ काढली आहे आणि खाली लिहिले आहे ‘सरासरी ±’. ही रेघ १.५ ची, ०.३ ची की ०.६ ची? तिन्ही प्रकार छापलेले आढळतात. एसई सर्वांत लहान असते, आकृती सुबक दिसते, म्हणून ती लोकांना आवडते. २००७ साली कमिंग, फिडलर आणि वॉक्स या तिघांनी ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’त याच रेघांवर एक लेख लिहिला, रेघ कशाची आणि संख्या किती हे आकृतीखाली लिहिलेच पाहिजे, हे त्यातले पहिले म्हणणे.

हा नुसता काटेकोरपणाचा हट्ट नाही. यापुढे काय होते ते बघा. पाच-सात वर्षांनी दुसरा कुणी अशा वीस निबंधांचे आकडे एकत्र करून एकच उत्तर काढायला बसतो. तो आपला तक्ता उघडतो, त्यात ‘१०.९ ± ०.३’, खाली खुलासा नाही. तो ०.३ हे एसडी धरतो. त्यावरून स्वतः एसई काढतो: ०.३ भागिले ५, म्हणजे ०.०६. एकत्रीकरणात प्रत्येक अभ्यासाला वजन मिळते ते एसईच्या वर्गाच्या उलट. खरी एसई ०.३, तिचा वर्ग ०.०९. त्याने धरलेली ०.०६, तिचा वर्ग ०.००३६. भागून पाहा, पंचवीस पट. म्हणजे २५ महिलांचा आपला चिमुकला अभ्यास त्या हिशेबात सव्वासहाशे महिलांच्या अभ्यासाएवढा जड होऊन बसतो आणि बाकीच्यांना ओढत नेतो. ‘प्रमाण त्रुटी’ हे दोन शब्द आपण जागा वाचवायला कापले होते.

हे ओळखता येते का? कधीकधी. प्रौढ माणसांच्या हिमोग्लोबिनचे एसडी साधारण एक ते दीडच्या घरात असते. ०.३ दिसले की जाणकाराने थबकावे. माणसे इतकी एकसारखी नसतात. पण मोजलेली गोष्ट नवीन असेल, तिचा नेहमीचा पसारा कुणाला ठाऊक नसेल, तर ओळखायला काहीच आधार नसतो.

आकृतीवरच्या चांदण्यांचेही तेच. एक चांदणी, दोन चांदण्या, तीन. खाली लिहिलेले असते ‘तारांकित फरक लक्षणीय’. कोणत्या दोन खांबांतला फरक, कोणती चाचणी? चांदणी ठेवायची तर तिची किंमत द्यावी. मी तर चांदण्या काढून फरक आणि त्याचे अंतराल छापा असेच म्हणतो. जागा तेवढीच लागते आणि वाचकाला फरक किती मोठा आहे तेही कळते.

सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे हमखास ‘४०० पट’ असे लिहिलेले असते. पाहताना ते खरे होते; चाळीसची भिंग आणि दहाची नेत्रिका. पण नियतकालिकाने तेच चित्र एका रकान्यात बसवण्यासाठी अर्धे केले, कुणी मोबाइलवर बोटांनी मोठे केले, की ‘४०० पट’ या शब्दाला अर्थ उरत नाही. चित्रातच एक लहान पट्टी काढून खाली ‘पट्टी : ५० मायक्रोमीटर’ लिहिले तर चित्राबरोबर पट्टीही लहान-मोठी होते आणि विधान कायम खरे राहते. शब्द जवळजवळ तेवढेच. त्याच्या जोडीला ऊतक कोणते आणि रंजक कोणते हे असले की पुरे. ‘बाण पाहा’ लिहून बाण कशाकडे दाखवतो हे न सांगणारे लोकही असतात. त्यांना मी ‘बाण कशाला?’ एवढेच लिहून कागद परत करतो.

आता संक्षेपांकडे. जागा वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणून विद्यार्थी शीर्षकात एएनसी, पीएचसी, आयएफए असे ठोकळे रचतात. निबंधाच्या दुसऱ्या पानावर त्यांची फोड केलेली असते, पण तक्ता दुसरे पान बरोबर घेऊन जात नाही. आणि वैद्यकीत एकच ठोकळा दोन खात्यांत दोन अर्थांचा असतो. एमएस म्हटले की मेंदूविकारवाल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस आठवतो आणि हृदयरोगवाल्याला मायट्रल स्टेनोसिस. तेव्हा शीर्षकात संक्षेप शक्यतो नकोच. रकान्यांच्या डोक्यावर जागा नसते, तिथे चालेल, पण त्याच तक्त्याखाली त्याची फोड हवी, आणि पुढच्या तक्त्याखाली पुन्हा. ‘तक्ता १ पाहा’ नको. या पुनरुक्तीचा मला अजिबात संकोच वाटत नाही. इतर सगळीकडे पुनरुक्ती दोष आहे, इथे नाही.

हे सगळे विद्यार्थ्यांपुरतेच आहे असे वाटत असेल तर एक खरे उदाहरण घेऊ, आपल्याच राज्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५–१६ साली, महाराष्ट्रातील रक्तक्षय असलेल्या महिलांचे प्रमाण ४८.० टक्के निघाले होते. पाचव्या फेरीत ते ५४.२ टक्के झाले. हे दोन आकडे प्रबंधांत, भाषणांत, बातम्यांत फिरत असतात, आणि बहुतेक वेळा शीर्षक असते ‘महाराष्ट्रातील महिलांमधील रक्तक्षय’.

यात ‘१५ ते ४९ वर्षे वयाच्या’ हे शब्द गळले आहेत. ते गळले की दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी दोघीही या टक्क्यात येऊन बसतात, प्रत्यक्षात दोघींचीही या आकड्यासाठी मोजणी झालेली नाही. ‘रक्तक्षय’ म्हणजे काय हेही तळाला हवे, कारण मर्यादा एक नाही: गरोदर नसलेल्या महिलेसाठी १२ ग्रॅमपेक्षा कमी, गरोदर महिलेसाठी ११ पेक्षा कमी. आणि आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची व धूम्रपान लक्षात घेऊन दुरुस्त केलेला आहे. हे शीर्षकात कोंबायचे नाही, पण तळटिपेतून सोडताही येत नाही.

त्यातही एक शब्द असा आहे की जो अनेकांना फालतू तपशील वाटतो आणि मी तो कधीच कापू देत नाही. तो म्हणजे रक्त कुठून घेतले. या सर्वेक्षणाच्या त्या दोन फेऱ्यांत बोटाला टोचून थेंब घेतला आणि जागेवरच छोट्या यंत्रात मोजला. २०१६–१८ च्या मुलांच्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मात्र शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत मोजले होते, आणि किशोरवयीन मुलींमधले प्रमाण तिथे कुटुंब सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीपेक्षा बरेच कमी भरले. दोन सर्वेक्षणांचे वयोगट अगदी सारखे नव्हते, तरी रक्त घेण्याच्या पद्धतीवरून तज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला आणि तो अजून सुरू आहे. अशा वेळी एका तक्त्यात बोटाचे आकडे आणि शिरेचे आकडे शेजारी मांडून शीर्षकात नुसते ‘हिमोग्लोबिन’ लिहिणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच पोत्यात ओतणे.

आणि साल. पाचव्या फेरीचे साल सगळे ‘२०१९–२१’ लिहितात. संपूर्ण देशासाठी ते बरोबर आहे. पण ही फेरी दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जानेवारी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या आधीच संपला होता. महाराष्ट्राच्या तक्त्यावर ‘२०१९–२१’ छापले की वाचक सहज म्हणतो, कोविडच्या काळात खायची आबाळ झाली म्हणून रक्तक्षय वाढला. असे वाक्य मी एका प्रबंधाच्या चर्चेत वाचलेही आहे. त्या महिलांच्या बोटाला सुई टोचली तेव्हा कोविड महाराष्ट्रात आलाच नव्हता. सर्वेक्षणाचे नाव आणि साल देशाच्या अहवालावरून उचलले, राज्याचे तपासले नाही, एवढ्यानेच हे झाले. माझ्या मते हा तक्ता असा असावा: ‘१५–४९ वर्षे वयाच्या महिलांमधील रक्तक्षय, महाराष्ट्र, २०१५–१६ व २०१९–२० (टक्के)’. बाकीचे खाली, लहान अक्षरांत, तीन ओळींत.

काही मार्गदर्शकांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, शीर्षकात एवढे सांगितले तर निबंध कोण वाचेल? एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला हे अगदी गंभीरपणे ऐकवले होते. मला वाटते उलटे आहे. तक्ता समजला तरच माणूस निबंधाकडे वळतो, न समजलेला तक्ता घेऊन तो फक्त आकडा उचलतो. दुसरी हरकत जास्त रास्त आहे: नियतकालिके शब्दांची मर्यादा घालतात. खरे आहे, पण ती बहुधा मूळ मजकुरासाठी असते, तक्ते आणि तळटिपा पुष्कळदा त्यात धरतच नाहीत. पाठवण्यापूर्वी त्या त्या नियतकालिकाच्या सूचना एकदा बघाव्यात. मर्यादा आड आलीच तर मी आधी निबंधातली ती वाक्ये कापतो जी तक्त्यातले आकडे जसेच्या तसे पुन्हा वाचून दाखवतात. ती नेहमी असतात.

तपासायची माझी रीत साधी आहे. सगळे तक्ते आणि आकृत्या, त्यांच्या शीर्षकांसह, वेगळ्या कागदावर छापायचे आणि दुसऱ्या खात्यातल्या माणसाला द्यायचे. आमच्याकडे मी बहुधा ग्रंथालयातल्या बाईंना देतो. त्यांना वैद्यकी येत नाही, पण त्या कुणाचे भय बाळगत नाहीत. निबंध द्यायचा नाही. त्यांना विचारायचे: ही माणसे कोण, किती, कुठली आणि केव्हाची, काय मोजले आणि कोणत्या एककात, ± म्हणजे काय. जिथे त्या “हे कुठे लिहिलंय?” म्हणतात तिथे एक शब्द घालायचा. जिथे त्या “हे तर दिसतंच आहे” म्हणतात तिथे एक शब्द काढायचा.

आणि हे काम निबंध पाठवण्यापूर्वी एकदा आणि परीक्षकांच्या सूचनांनुसार फेरफार झाल्यावर पुन्हा एकदा करावे लागते. कारण परीक्षक म्हणतो, जुळ्यांच्या माता वगळा. २१२ च्या २०७ होतात, तक्त्यातले आकडे संगणक बदलून देतो, पण शीर्षकातला २१२ हाताने लिहिलेला असतो. तो तसाच राहतो.